कांजिण्या : ओळख, दिवसांची मोजणी आणि धोक्याच्या खुणा

हिवाळा सरून उन्हाळा लागण्याच्या सुमारास प्राथमिक शाळांतून कांजिण्यांची साथ विशेषेकरून दिसून येते. हा रोग बहुधा सौम्य असतो व आपोआप बरा होतो. त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. परंतु हाच रोग एखाद्या बालकास किंवा घरातील गर्भवती स्त्रीस घातक ठरू शकतो. म्हणून वर्गात पहिला रुग्ण आढळताच शिक्षकाने तीन गोष्टी जाणल्या पाहिजेत : रोग ओळखावा कसा, दिवस मोजावे कसे, आणि मुलास तातडीने दवाखान्यात केव्हा धाडावे.

या रोगाची मुख्य खूण ही की, अंगावरील पुरळ एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांत असते. प्रथम तांबडा ठिपका उमटतो, त्याची पुटकुळी होते, काही तासांतच तीत स्वच्छ पाणी भरून दवबिंदूसारखा नाजूक फोड दिसू लागतो; पुढे पाणी गढूळ होऊन फोड सुकतो व त्यावर खपली धरते. रोगाचे विषाणू रक्तातून त्वचेकडे लाटेमागून लाट येतात, म्हणून तीन ते पाच दिवस नवे फोड उमटतच राहतात. परिणामी पाठीच्या एकाच वीतभर भागावर ठिपका, पाणीदार फोड आणि खपली ही तिन्ही शेजारी शेजारी आढळतात. पुरळ छाती, पोट, पाठ, चेहरा व डोक्याची कातडी येथे दाट, तर हातापायांवर विरळ असते. त्यास फार खाज सुटते व सोबत बेताचा ताप असतो.

खेड्यांतून अद्यापिही या रोगास ‘देवी आल्या’ असे म्हटले जाते. देवीचा रोग हा निराळा होता. त्यात एका भागावरील सर्व फोड एकाच अवस्थेत असत, ते खोल व टणक असत आणि चेहऱ्यावर व हातापायांवर, तळव्यांवरही, अधिक उठत. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली आढळला व 1980 साली जग देवीमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. गोवरात पाणीदार फोड येत नाहीत. खोकला, नाक गळणे व लाल डोळे यांच्यामागून कानापाठून सपाट तांबडे पुरळ पसरते. खरजेत ताप नसतो. बोटांच्या बेचक्यांत व मनगटावर रात्री विशेष खाज सुटते.

आता दिवसांची मोजणी एका उदाहरणाने पाहावी. तिसरीतील एका मुलीस मंगळवारी, 4 मार्च रोजी, कणकण वाटली, तरी ती शाळेत आली. बुधवारी 5 तारखेस प्रार्थनेनंतर तिच्या मानेवर व पोटावर पाणीदार फोड दिसले. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्यापूर्वी दोन दिवस सुरू होतो. म्हणजे सोमवार, 3 मार्चपासून ती मुलगी नकळत रोग पसरवीत होती. हा संसर्ग फोडांच्या स्पर्शाने तर होतोच, पण एका खोलीतील हवेतूनही होतो. म्हणून तिला मागच्या पट्टीवर वेगळे बसविणे निरुपयोगी ठरते. पालकांना बोलावून तिला त्याच दिवशी घरी पाठवावे, आणि शेवटच्या फोडावर खपली धरून नवा फोड येणे थांबेपर्यंत घरीच ठेवण्यास सांगावे. याला पुरळ उठल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात, क्वचित अधिकही. केवळ ताप उतरला म्हणून मूल शाळेत घेऊ नये. उलट सर्व फोड वाळल्यावर कोरड्या खपल्या शिल्लक असल्या तरी त्याला अडवू नये. या मुलीचे सर्व फोड 11 मार्चला वाळले व ती 12 तारखेस शाळेत परतली.

संसर्ग झाल्यापासून रोग प्रकट होण्यास दहा ते एकवीस दिवस, बहुधा दोन आठवडे, लागतात. सोमवारी संपर्कात आलेल्यास दहा दिवसांनी, म्हणजे 13 मार्चला, रोग दिसू शकेल. बुधवारी संपर्कात आलेल्यास एकवीस दिवसांनी, म्हणजे 26 मार्चपर्यंत. म्हणून हजेरीपटावर 13 ते 26 मार्च या तारखांना खूण करून त्या काळात रोज सकाळी मुलांचे चेहरे, माने व हात पाहावेत. शाळा बंद करण्याचे कारण नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. दुसरा रुग्ण निघाल्यास पुन्हा कळवावे.

त्याच दिवशी आणखी एक चौकशी अगत्याची आहे. तीन ते पाच मार्चच्या दरम्यान वर्गात आलेली एखादी गर्भवती शिक्षिका, पोषण आहार शिजविणारी बाई किंवा त्या मुलीच्या घरातील गर्भवती स्त्री असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या आल्याची खात्री नसेल, तर तिने विनाविलंब डॉक्टरांस भेटावे. तान्ह्या बाळाविषयी आणि कर्करोगावर किंवा दीर्घकाळ स्टेरॉईडचे औषध चालू असलेल्या मुलाविषयीही हीच काळजी घ्यावी. अशांना प्रतिबंधक उपचार देता येतात, परंतु ते संपर्कानंतर थोड्याच दिवसांत द्यावे लागतात. कांजिण्यांची लस दोन मात्रांत मिळते. तीविषयीही डॉक्टरांस विचारावे.

घरी आंघोळ बंद ठेवण्याची रूढी आहे, ती हितावह नाही. कोमट वा साध्या पाण्याने हलके स्नान घालावे, नखे कापावीत व सैल सुती कपडे घालावेत. कडुनिंबाची डहाळी उशाशी ठेवण्यास हरकत नाही. पण फुटलेल्या फोडांवर पाल्याचा लेप किंवा राख लावू नये. तापावर डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉलच द्यावे. ॲस्पिरिन कदापि देऊ नये, कारण त्याने यकृत व मेंदू यांचा दुर्धर विकार उद्भवू शकतो. आयब्युप्रोफेनही टाळावे.

गुंतागुंत ओळखण्याचे सूत्र असे की, नवे फोड थांबले की तापही उतरला पाहिजे. उपरोक्त वर्गातील एका मुलास 18 मार्चला कांजिण्या आल्या. 21 तारखेस ताप गेला, पण 23 तारखेस तो पुन्हा चढला. मांडीवरील एका फोडाभोवती तळहाताएवढी जागा तांबडी, गरम व टणक झाली होती, आणि मुलगा लंगडत होता. खाजविल्याने झालेल्या जखमेतून जंतू आत शिरले होते. शिक्षकाने निरोप पाठवून त्याला त्याच सायंकाळी आरोग्य केंद्रात नेण्यास लावले; तेथे प्रतिजैविक सुरू झाले. एक रात्र थांबले असते तर विष रक्तात पसरण्याचा धोका होता.

म्हणून चौथ्या दिवसानंतर टिकलेला किंवा उतरून परतलेला ताप, पसरणारी दुखरी लाली, धाप लागणे, सतत वांती, गुंगी, चालताना तोल जाणे, मान ताठणे, झटका येणे, अथवा फोडांत रक्त उतरणे यांपैकी एकही खूण दिसल्यास रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. एकाच घरातील दुसऱ्या मुलास रोग बहुधा अधिक तीव्र होतो. त्याच्यावर विशेष नजर असावी. मूल घरी असतानाही शिक्षकाने दर दोन दिवसांनी त्याच्या तापाची विचारपूस करून ती हजेरीपटाच्या शेऱ्यात नोंदवावी. उतरून पुन्हा चढलेला ताप या नोंदीतच प्रथम ध्यानात येतो.