छत्तीस टक्के, पन्नास किलो

"सिस्टर, किती टक्के भाजलंय?" जळीत वॉर्डाच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. वर्तमानपत्रातल्या बातमीतही टक्का असतो आणि वाचणारा त्यावरून रुग्ण वाचेल की नाही याचा अंदाज बांधतो. डॉक्टरला हा आकडा त्याआधी दुसऱ्याच कामासाठी हवा असतो. पुढच्या चोवीस तासांत शिरेतून किती सलाईन द्यायचं, हे त्यावरून ठरतं. वैद्यकीय विद्यार्थ्यांना सर्जरीच्या परीक्षेत हे गणित सोडवावं लागतं. त्यात गुणाकारापलीकडचं काही येत नाही, तरीही उत्तरं चुकतात. का चुकतात ते एक उदाहरण सोडवत पाहू.

पन्नास किलो वजनाची बाई. सकाळी सहा वाजता स्टोव्हचा भडका उडून साडी पेटली. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ६०० मिलिलीटर सलाईन देऊन तिला पुढे पाठवलं आणि नऊ वाजता ती मोठ्या रुग्णालयात पोचली. चेहरा, छाती आणि पोट, उजवा हात पुढूनमागून आणि उजव्या मांडीचा पुढचा भाग भाजून फोड आलेले आहेत. डाव्या हाताची त्वचा नुसती लाल झाली आहे. किती टक्के भाजलं, आणि सलाईन कोणत्या वेगाने द्यायचं?

मुळात भाजलेल्या माणसाला एवढं पाणी का लागतं? १९२१ साली अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी रियाल्टो नावाच्या चित्रपटगृहाला आग लागली. तिथल्या येल विद्यापीठातले फ्रँक अंडरहिल यांनी त्या आगीतल्या रुग्णांचा अभ्यास केला. फोडांतलं पाणी साधं पाणी नसून त्याची घडण रक्तातल्या द्रवाशी मिळतीजुळती आहे आणि रुग्णाचं रक्त दाट होत चाललंय, हे त्यांच्या लक्षात आलं. भाजल्यावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं क्षारयुक्त पाणी प्रथिनांसकट आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतं. बरंच अंग भाजलं असेल तर ही गळती न भाजलेल्या भागातही सुरू होते. रक्ताचा एक थेंब बाहेर न सांडता रुग्णाचं रक्ताभिसरण कोसळतं आणि मूत्रपिंडं बंद पडू लागतात. गळतीचा जोर पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, मग तो ओसरत जातो. सलाईनचं सगळं वेळापत्रक या चढउतारावर बेतलेलं आहे.

आता टक्के. मोठ्या माणसाचं शरीर नऊ-नऊ टक्क्यांच्या तुकड्यांत वाटलं जातं. हा 'रूल ऑफ नाइन्स' एडिंबरोचे शल्यचिकित्सक वॉलेस यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. डोकं आणि मान मिळून ९, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची बाजू १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियाचा भाग १. बेरीज बरोबर शंभर. हात किंवा पाय एकाच बाजूने भाजला असेल तर त्याचा आकडा निम्मा धरायचा.

आपल्या रुग्णाचा चेहरा म्हणजे डोक्याचा निम्मा भाग, ४.५. छाती-पोट १८. उजवा हात पूर्ण, म्हणून ९. पायाची पुढची बाजू ९ असते, त्यातली मांडी साधारण निम्मी, म्हणजे ४.५. एकूण ३६ टक्के. डावा हात मोजायचा नाही, आणि विद्यार्थी पहिल्यांदा घसरतो तो इथेच. नुसती लाल झालेली, फोड न आलेली त्वचा या गणितात धरत नाहीत, कारण तिथून सलाईनने भरून काढावी लागेल इतकी गळती होत नाही. तो हात धरला असता तर टक्का ४५ झाला असता आणि बाईच्या अंगात जवळजवळ दोन लीटर जास्तीचं पाणी गेलं असतं.

उत्तर तपासायची एक चांगली सवय आहे. भाजलेलं मोजून झालं की न भाजलेलंही मोजावं. पाठ १८, डावा पाय १८, उजव्या पायाचा उरलेला भाग १३.५, डावा हात ९, डोक्याची मागची बाजू ४.५, जननेंद्रियाचा भाग १. बेरीज ६४. दोन्ही आकडे मिळून शंभर भरतात, म्हणजे कुठला भाग सुटलेला नाही की दोनदा धरलेला नाही. घाईत टक्का फुगवून सांगितला जातो, तोही या उलट्या मोजणीने जागेवर येतो. इकडेतिकडे विखुरलेले डाग असतील तर रुग्णाचा स्वतःचा तळवा, बोटांसकट, साधारण एक टक्का धरून मोजतात. तळवा डॉक्टरचा नाही, रुग्णाचा. लहान मूल असेल तर हा फरक फार मोठा पडतो.

मुलांचं गणित तसंही वेगळंच आहे. वर्षभराच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, ते ९ ऐवजी १८ टक्के धरतात, आणि प्रत्येक पाय १८ ऐवजी १४. आंघोळीचं कढत पाणी अंगावर सांडून बाळाचा चेहरा आणि छाती भाजली, तर चेहऱ्याचे ९ आणि छातीचे ९ असे १८ टक्के होतात. मोठ्यांचा नियम लावला तर चेहऱ्याचे ४.५ च धरले जातात आणि उत्तर १३.५ येतं. म्हणजे बाळाला लागणाऱ्या पाण्याचा चौथा हिस्सा कागदावरच गळून जातो. शिवाय मुलांना भरपाईच्या सलाईनबरोबर रोजच्या गरजेचं, साखर असलेलं सलाईनही वेगळं द्यावं लागतं, कारण त्यांच्या शरीरातला साखरेचा साठा लवकर संपतो. वयागणिक बदलणारे नेमके आकडे लंड आणि ब्राउडर यांनी १९४४ साली तक्त्यात मांडले. वॉर्डात मुलांसाठी तोच तक्ता वापरावा.

पुन्हा आपल्या रुग्णाकडे येऊ. तिचा चेहरा भाजलेला आहे, त्यामुळे सलाईनआधी श्वासमार्ग पाहायचा. आवाज घोगरा झालाय का, थुंकीत काजळी आहे का, हे तपासायचं. घशाला सूज आली तर नंतर नळी घालणं अवघड होतं. पेपरात ही एक ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने खरा रुग्ण डोळ्यांसमोर आणलेला असतो.

सलाईनचं सर्वांत परिचित सूत्र डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयातलं, चार्ल्स बॅक्स्टर यांनी १९६० च्या दशकात मांडलेलं. चार मिलिलीटर गुणिले वजन गुणिले टक्के.

४ × ५० × ३६ = ७२०० मिलिलीटर

टक्का ३६ असाच लिहायचा, ०.३६ नाही. हे पाणी रिंगर लॅक्टेटच्या रूपात जातं. त्यातले क्षार रक्तातल्या क्षारांच्या जवळचे असतात. साधं मिठाचं सलाईन इतक्या प्रमाणात दिलं तर त्यातल्या क्लोराइडमुळे रक्त आम्लधर्मी होतं.

यातलं निम्मं, ३६०० मिलिलीटर, पहिल्या आठ तासांत द्यायचं आणि उरलेलं पुढच्या सोळा तासांत. इथे दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा महागात पडते. आठ तास मोजायचे ते रुग्णालयात पोचल्यापासून नाही, भाजल्यापासून. गळती सहा वाजताच सुरू झालेली आहे. म्हणून पहिला टप्पा दुपारी दोनला संपतो आणि नऊ वाजता हातात पाचच तास उरतात. वाटेत ६०० मिलिलीटर गेलं आहे, ते वजा करायचं. राहिलं ३०००, पाच तासांत, म्हणजे ताशी ६००. आलेल्या वेळेपासून आठ तास धरले असते तर ताशी ३७५ आलं असतं, आणि नेमक्या सर्वांत जास्त गळतीच्या वेळी रुग्ण कोरडी राहिली असती. दोननंतर ३६०० मिलिलीटर सोळा तासांत, ताशी २२५.

ठिबकण्याचा वेगही विचारतात. एका मिलिलीटरला वीस थेंब पाडणाऱ्या सेटवर ताशी वेगाला तीनने भागलं की मिनिटाचे थेंब मिळतात. दुपारनंतरचे २२५ म्हणजे मिनिटाला ७५ थेंब. सकाळचे ६०० म्हणजे २००, इतके थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून अशा रुग्णाला दोन जाड सुया लावून दोन बाटल्या चालवतात.

इथवर आलेला आकडा हा सुरुवातीचा अंदाज आहे. तो पुरतोय की नाही हे लघवी सांगते. म्हणून मूत्रमार्गात नळी घालून दर तासाला मोजमाप करतात. मोठ्या माणसाला किलोमागे ताशी अर्धा मिलिलीटर लघवी व्हायला हवी, म्हणजे आपल्या रुग्णाला निदान २५. लहान मुलांत हे प्रमाण किलोमागे एक मिलिलीटर. विजेच्या धक्क्याने भाजलेल्या माणसाचं मात्र वेगळं. वरून जखम लहान दिसली तरी आतले स्नायू होरपळलेले असतात, लघवी तांबूस-काळी येते आणि टक्क्यावरून काढलेलं सलाईन अपुरं पडतं. तिथे लघवी ताशी ७५ ते १०० मिलिलीटरवर ठेवावी लागते.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. सूत्र पाळायचं म्हणून सलाईन ओतत राहिलं तर फुप्फुसांत पाणी साचतं, पोट ताणून कडक होतं, भाजलेले हातपाय सुजून त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. या अतिरेकाला 'फ्लुइड क्रीप' म्हणतात. त्याचा अनुभव आल्यावर एटीएलएससारख्या प्रशिक्षणात मोठ्या माणसांसाठी सुरुवात चारऐवजी दोन मिलिलीटरने करायला शिकवू लागले. मुलांसाठी तीन, विजेच्या जखमांसाठी चारच. आपल्या उदाहरणात दोनने गुणलं तर चोवीस तासांचं पाणी ३६०० होतं, पहिल्या टप्प्याचं १८००, आणि ६०० वजा जाता पाच तासांसाठी ताशी २४०. त्याच रुग्णासाठी एकीकडे ६०० आणि दुसरीकडे २४०! दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, म्हणून कुठलं सूत्र वापरलं हे पहिल्याच ओळीत लिहावं. प्रश्नात पार्कलँड म्हटलं असेल तर चार.

समजा बारा वाजता पिशवीत गेल्या तासाची लघवी १२ मिलिलीटरच दिसली. आधी नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का ते पाहायचं. नळी मोकळी असेल तर सलाईनचा वेग साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाने वाढवायचा आणि एक वाजता पुन्हा मोजायचं. बाटली एकदम सोडायची नाही, कारण भिंती अजून सैल आहेत आणि त्या झपाट्याने गेलेलं पाणी बरंचसं सुजेतच जिरतं. आणि लघवी ताशी ८० होऊ लागली, तर सूत्राने काढलेलं पाणी उरलेलं असलं तरी वेग तसाच हळूहळू उतरवायचा.