पंखा घुं घुं का करतो?

भारनियमनाच्या काळात आम्ही घरी पहिला इन्व्हर्टर आणला. त्या रात्री वीज गेली, दिवा लागलेला राहिला, पंखाही फिरत राहिला, पण त्याने एक खर्जातली घुं घुं सुरू केली. वीज आली की आवाज बंद, गेली की पुन्हा चालू. बसवून देणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "स्क्वेअर वेव्ह आहे ना साहेब, एवढा आवाज करणारच." पंखा बिघडलेला नव्हता. त्याला मिळणाऱ्या विजेचा आकार बदलला होता.

तारेतून घरी येणारी वीज साईनच्या आकाराची असते. ती हळुवार चढते, माथ्यावर वळते, उतरते, शून्याखाली जाऊन पुन्हा वर येते, आणि हे सेकंदाला ५० वेळा घडतं. स्वस्त इन्व्हर्टरला असं चढणं-उतरणं परवडत नाही. बॅटरीची वीज एका दिशेने सोडायची, शंभरांश सेकंदानं दिशा उलटायची, एवढंच तो करतो. आलेख काढला तर किल्ल्याच्या तटावरच्या चऱ्यांसारखा दिसतो: सपाट माथा, सरळ कडा, सपाट तळ. हीच चौकोनी लाट.

अशी कोपरे असलेली लाट गोलाईच्या साईन लाटा एकावर एक रचून तयार करता येते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पटू नयेच. १८०७ साली जोसेफ फूरिये यांनी उष्णतेवरच्या निबंधात ही कल्पना पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवली, तेव्हा लाग्रांज यांच्यासारख्या गणितज्ञालाही ती मान्य झाली नव्हती. फूरिये यांचं पुस्तक निघायला १८२२ उजाडलं.

कुठल्या साईन लाटा घ्यायच्या हे ठरवणं सोपं आहे. आपली लाट सेकंदाला ५० वेळा तीच ती येते, तेव्हा तिच्या एका फेरीत पूर्ण आकड्यात बसणाऱ्या लाटाच चालतील: ५०, १००, १५०, २०० अशा. खरा प्रश्न प्रत्येकीची उंची किती घ्यायची हा आहे. ती उंची म्हणजेच सहगुणक. पुस्तकात तो काढायला संकलनाचं चिन्ह येतं आणि अर्धे वाचक तिथेच पान उलटतात. या लाटेपुरतं काम मात्र कमानी मोजून भागतं.

सोयीसाठी लाटेची उंची १ धरू: पहिल्या अर्ध्या फेरीत, म्हणजे ० ते १८० अंशांत, ती +१, उरलेल्या अर्ध्यात –१. आता युक्ती अशी. ज्या साईनचा वाटा हवा, त्या साईनने अख्ख्या लाटेला गुणायचं आणि पूर्ण फेरीची सरासरी काढायची. असं केलं की बाकीच्या सगळ्या साईन आपोआप गळून पडतात, कारण दोन वेगवेगळ्या साईनच्या गुणाकाराची सरासरी शून्य येते. sin t आणि sin 3t घ्या. ३० अंशांवर त्या ०.५ आणि १, गुणाकार ०.५. ९० अंशांवर १ आणि –१, गुणाकार –१. १५० अंशांवर पुन्हा ०.५. बेरीज शून्य. तीन बिंदूंनी काही सिद्ध होत नाही हे खरं; पण शाळेतलं सूत्र 2 sin t sin 3t = cos 2t – cos 4t आठवलं तर उजव्या बाजूच्या दोन्ही लाटा फेरीभरात जेवढ्या वर तेवढ्याच खाली जातात, हे लगेच दिसतं.

साईनला स्वतःनेच गुणलं तर मात्र सरासरी अर्धा येते. sin² आणि cos² यांचा आकार एकच, फक्त एक दुसऱ्यापासून सरकलेला. दोघांची बेरीज कायम १, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा. म्हणून नियम असा झाला: चौकोनी लाटेला साईनने गुणा, सरासरी काढा आणि तिला अर्ध्याने भागा.

पहिली साईन घेऊ. पहिल्या अर्ध्या फेरीत चौकोनी लाट १ आहे, तेव्हा गुणून काही बदलत नाही; साईनची एक कमान जशीच्या तशी राहते. दुसऱ्या अर्ध्यात साईन खाली आणि चौकोनी लाटही खाली, उणे गुणिले उणे अधिक, म्हणून तिथेही तशीच कमान उभी राहते. राहिली कमानीची सरासरी उंची. कॅल्क्युलेटरवर १०, ३०, ५० असं करत १७० अंशांपर्यंत नऊ साईन काढा, बेरीज ५.७५९ येते, नऊने भागून ०.६४०. नेमकी किंमत 2/π, म्हणजे ०.६३७. तिला अर्ध्याने भागलं की १.२७३. हा पहिला सहगुणक, 4/π. गंमत म्हणजे तो १ पेक्षा मोठा आहे. आतली मुख्य साईन तिच्यापासून बनणाऱ्या चौकोनी लाटेपेक्षाही उंच!

दुसरी साईन, sin 2t. अर्ध्या फेरीत तिच्या दोन कमानी बसतात, एक वर, एक खाली. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उरलेल्या अर्ध्यातही तेच. सहगुणक शून्य. चौथी, सहावी, आठवी, साऱ्या सम साईन अशाच जातात.

तिसरीच्या तीन कमानी: वर, खाली, वर. दोन एकमेकींत विरल्या, एक उरली. पण ही उरलेली कमान अर्ध्या फेरीचा तिसराच भाग व्यापते, म्हणून सरासरीही तिसरा हिस्सा. सहगुणक १.२७३ भागिले ३, म्हणजे ०.४२४. पाचवीच्या पाच कमानींतून एक उरते आणि ती पाचवा हिस्सा देते. पुढची मांडणी आता वाचकच करतील:

f(t) = (4/π) [ sin t + (1/3) sin 3t + (1/5) sin 5t + (1/7) sin 7t + … ]

कंसातले आकडे लक्षात राहतात, बाहेरचा 4/π हमखास विसरला जातो. चूक पकडायची सोपी जागा म्हणजे ९० अंश. तिथे बेरीज १ कडे जायला हवी. १.२७३, मग ०.८४९, मग १.१०३, मग ०.९२२; आकडे १ च्या अलीकडे-पलीकडे झुलत जवळ येतात. 4/π राहून गेला तर ते ०.७८५ भोवती घुटमळतात. हा आकडा म्हणजे π/4. एकातून तिसरा हिस्सा वजा, पाचवा अधिक, सातवा वजा, अशी जी π/4 ची श्रेणी लायब्निझ यांच्या नावाने शिकवली जाते, आणि जी केरळच्या माधवाच्या परंपरेत त्यांच्याआधीच माहीत होती, तीच इथे सापडते.

माथ्यावर हे सुरळीत चालतं. कड्यापाशी मात्र एक खोड उरते. बेरजेची लाट वर उडी मारताना १ च्या पुढे जाते आणि मग खाली येते. एकाच साईनची ही शिंगाची टोक-उंची १.२७३. दोन साईन घेतल्या तर १.२००, तीन घेतल्या तर १.१८८. वाटतं, हजार घेतल्या की १ येईल. येत नाही, आकडा १.१७९ वर येऊन थांबतो. –१ पासून +१ पर्यंतच्या उडीच्या सुमारे ९ टक्के. साईन वाढवाव्या तसं शिंग कड्याला चिकटत जातं, बारीक होत जातं, पण बुटकं होत नाही. त्यामुळे कड्यापासून दूरचा कुठलाही एक बिंदू धरला तर तिथे बेरीज शेवटी बरोबर येते. हे शिंग आज गिब्ज यांच्या नावाने ओळखलं जातं, त्यांनी ते १८९९ साली मांडलं म्हणून. हेन्री विल्ब्रॅहम यांनी तेच १८४८ मध्ये लिहून ठेवलं होतं. नावांचा हिशेब असाच चालतो.

आता पंख्याकडे. इन्व्हर्टर २३० व्होल्टची चौकोनी लाट देतो असं धरू. मीटरच्या भाषेत तिच्यातली मुख्य ५० ची साईन २०७ व्होल्टची निघते. तिच्याबरोबर १५० ची ६९ व्होल्ट, २५० ची ४१ आणि ३५० ची जवळजवळ ३० व्होल्ट. मुख्य लाट एकूण शक्तीचा ८१ टक्के वाटा उचलते. उरलेला १९ टक्के वरच्या लाटांचा. पंख्याच्या गुंडाळीत हे जादा प्रवाह शिरतात. त्यांनी वारा वाढत नाही, लोखंड थरथरतं आणि गुंडाळी तापते. आपला कानही ५० पेक्षा या वरच्या सुरांना जास्त चांगला लागतो. म्हणून घुं घुं.

यावर एक स्वस्त उपाय आहे आणि तोही कमानी मोजूनच समजतो. उडी थेट +१ वरून –१ वर न मारता मध्ये थोडा वेळ शून्यावर थांबायचं. अर्ध्या फेरीतले पहिले ३० आणि शेवटचे ३० अंश रिकामे ठेवा, लाट ३० ते १५० एवढ्यातच उभी ठेवा. तिसऱ्या साईनची प्रत्येक कमान ६० अंशांची. तेव्हा या खिडकीत तिची वरची अर्धी कमान, मग पूर्ण खालची, मग पुन्हा वरची अर्धी दिसते. बेरीज शून्य. १५० ची लाट साफ गेली, आणि एकही जादा सुटा भाग न लावता. तेच २३० व्होल्ट मिळवायला आता माथा २८२ व्होल्टचा लागतो, पण मुख्य लाटेचा वाटा ८१ वरून ९१ टक्क्यांवर जातो. बाजारात याला 'मॉडिफाइड साईन वेव्ह' म्हणतात. साईनचं त्यात काही नाही, पायऱ्या आहेत; पण नाव खपतं.

पाचवी लाट मात्र यातून सुटून राहते. तिला मारायला ३० ऐवजी १८ अंश रिकामे सोडावे लागतात आणि मग तिसरी परत येते. एका मोकळ्या जागेने दोघींना एकदम घालवता येत नाही. त्यात असे बरेच इन्व्हर्टर बॅटरी उतरू लागली की व्होल्ट सांभाळायला ही खिडकीच रुंद करतात. ३० अंशांची मोकळी जागा आक्रसते आणि गेलेली तिसरी लाट हळूहळू डोकं वर काढते. रात्री दोनला पंख्याचा सूर बदललेला वाटला, तर बॅटरी किती उरली आहे ते बघावं.