तीव्र आम्लापासून ०.१ मोलर द्रावण

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी क्वचितच लिहिलेली असते. तिथे टक्केवारी असते, 35 ते 37 टक्के, आणि घनता असते, साधारण 1.18. एका लिटरचे वजन 1180 ग्रॅम, त्यातले 35 टक्के म्हणजे 413 ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. त्याच्या एका मोलचे वजन 36.5 ग्रॅम, म्हणून भागाकार येतो 11.3 मोल. हाच हिशेब 37 टक्क्यांना केला, तर उत्तर 12 च्या आसपास जाते. प्रयोगशाळेत सरसकट ‘बारा मोलर’ म्हणतात. शिवाय हे आम्ल धुरकट असते. बाटली वारंवार उघडली की वायू उडून जातो आणि आम्ल आणखी हलके होते.

समजा, 0.1 मोलरचे 250 मिलीलिटर द्रावण हवे आहे. सौम्य करताना पाणी वाढते, आम्लाचे मोल तेवढेच राहतात. म्हणून आधीची मोलॅरिटी गुणिले आधीचे आकारमान हे नंतरच्या गुणाकाराइतकेच असते:

M1V1 = M2V2

12 × V1 = 0.1 × 250, म्हणजे 2.08 मिलीलिटर. गणित बरोबर आहे, पण तेवढेच आम्ल घेऊन काम उरकणे चूक. दोन मिलीलिटर मोजताना एक दशांश मिलीलिटर इकडेतिकडे झाले, तरी द्रावण पाच टक्क्यांनी चुकते. बाटलीतल्या आम्लाची अनिश्चितता वेगळीच. त्यामुळे जाणकार माणूस मध्ये एक पायरी घालतो. आधी साधारण एक मोलर स्टॉक बनवायचा, तो तपासायचा आणि मग त्यातून 0.1 मोलर करायचे.

500 मिलीलिटर स्टॉकसाठी सुमारे 42 मिलीलिटर तीव्र आम्ल लागते. मूळ आकडाच अंदाजी असल्याने इथे महागडे काटेकोर भांडे वापरून काही साधत नाही, मेजरिंग सिलिंडर पुरतो. काम मात्र फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि हातमोजे घालूनच करायचे. बीकरमध्ये 300 मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात आम्ल हळूहळू ओतायचे आणि ढवळत राहायचे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. उष्णतेने आम्ल उसळून अंगावर येऊ शकते. द्रावण पूर्ण निवल्यावरच पाणी घालून 500 मिलीलिटर करावे. गरम द्रव फुगलेला असतो, थंड झाल्यावर तो खुणेखाली उतरतो.

आता तपासणी. तापवून कोरडे केलेले सोडियम कार्बोनेट 1.325 ग्रॅम, अचूक वजन करून, पाण्यात विरघळवले. ते पूर्ण संपवायला एक मोलर आम्लाचे बरोबर 25 मिलीलिटर लागले पाहिजेत. मिथिल ऑरेंजचा पिवळा रंग नारिंगी झाला तेव्हा ब्युरेटचे वाचन 25.5 आले, असे धरू. म्हणजे स्टॉक 0.98 मोलर आहे.

0.1 मोलरच्या 250 मिलीलिटरमध्येही 25 मिलीमोलच आम्ल हवे. ते याच स्टॉकच्या 25.5 मिलीलिटरमध्ये आहे. एवढे अडनिडे माप 25 मिलीलिटरच्या पिपेटने निघत नाही, कारण तिच्यावर एकच खूण असते. म्हणून इथेही ब्युरेट घ्यावी. ती आधी थोड्या स्टॉकनेच विसळायची, नाहीतर आत राहिलेले पाणी द्रावण पातळ करते. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने विसळायचा. तो ओला असला तरी चालतो, कारण त्यात पुढे पाणीच पडणार असते. स्टॉकने विसळला, तर चिकटून राहिलेले आम्ल हिशेबात जादा येते.

हे 25.5 मिलीलिटर 250 च्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये सोडायचे आणि पाण्याने खुणेपर्यंत भरायचे. किती पाणी घातले, हे इथे मोजायचेच नसते. नवशिके हमखास 250 मिलीलिटर पाणी मोजून त्यात आम्ल टाकतात. मग द्रावण 275 च्या घरात जाते आणि मोलॅरिटी 0.09 च्या आसपास उतरते. बीकरवरच्या रेघाही या कामाच्या नाहीत, त्या पाच-दहा टक्क्यांनी चुकू शकतात. फ्लास्कची मान मुद्दाम अरुंद असते. तिथे एक थेंब चुकला, तरी फरक नगण्य राहतो.

शेवटचे थेंब ड्रॉपरने घालावेत आणि खूण डोळ्यांच्या रेषेत धरून द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड पाहावी. पाणी खुणेवर गेले, तर वरचे काढून टाकू नये, कारण पाण्याबरोबर आम्लही जाते. द्रावण पुन्हाच करावे लागते. बूच लावून फ्लास्क दहा-पंधरा वेळा उलटासुलटा करावा, नाहीतर जड आम्ल तळाशीच राहते. मग द्रावण कोरड्या बाटलीत भरावे आणि लेबलवर नाव, तारीख व तपासणीतून आलेली खरी मोलॅरिटी लिहावी. ती 0.098 निघाली, तर 0.098 हाच आकडा लिहावा.