कार्यक्रम लॉनवर की हॉलमध्ये? पावसाचा निर्णय नेमका किती वाजता घ्यायचा?

कोजागिरीचा कार्यक्रम, पुण्यातलं एक लॉन, नोंदणी केलेले ३०० जण आणि वेळ संध्याकाळी ७ ची. ऑक्टोबर असल्याने सकाळी कडक ऊन आणि चारनंतर गडगडाट, हे नेहमीचंच. पर्याय म्हणून जवळचा हॉलही धरून ठेवलाय. मग तिकडे जायचं, हे कधी ठरवायचं?

बहुतेक आयोजक आभाळाकडे बघत थांबतात. खरं तर ही वेळ आभाळ ठरवत नाही, सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम ठरवतं.

समजा, साउंड आणि लाइट हॉलमध्ये नेऊन लावायला चार तास लागतात आणि साउंड चेकला एक. म्हणजे दुपारी २ ला काम सुरू व्हायला हवं. टेम्पो आणि माणसं बोलवायला अर्धा तास धरा. निर्णयाची वेळ झाली दीडची.

इथेच खरी अडचण आहे. हवामान विभागाचा 'नाऊकास्ट', म्हणजे तातडीचा अंदाज, फक्त पुढच्या तीन तासांपुरता असतो. दीड वाजता तो साडेचारपर्यंतचंच सांगणार, सातचं नाही. त्यामुळे हाताशी उरतो तो जिल्ह्याचा त्या दिवसाचा इशारा. तो अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, तुमच्या लॉनसाठी नाही. म्हणून नियम आधीच लिहून ठेवायचा: दीड वाजता मेघगर्जनेचा यलो किंवा त्यावरचा अलर्ट असेल, तर कार्यक्रम हॉलमध्ये. ऑक्टोबरमध्ये यलो बऱ्याचदा असतो, त्यामुळे कधीकधी उगाच हलावं लागेल. पण भिजलेल्या स्पीकरपेक्षा ते परवडतं.

एकदा ठरलं की तीन वाजता ऊन पडलं तरी परत फिरायचं नाही. नाहीतर निम्मे लोक लॉनवर आणि निम्मे हॉलमध्ये!

आता पाहुण्यांचं. आदल्या दिवशीच कळवा, की दुपारी २ वाजता जागेचा मेसेज येईल. आणि जागा बदलली नाही तरी तो पाठवाच, कारण मेसेज आला नाही की फोन सुरू होतात. मजकूर साधा ठेवा, जागा पहिल्याच ओळीत: 'आजचा कार्यक्रम हॉलमध्ये. वेळ तीच, ७ वाजता. लॉनवर येऊ नका.' खाली पत्ता आणि मॅपची लिंक.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर विसंबून राहू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो मेसेज जातच नाही. बल्क एसएमएस पाठवणार असाल तर ट्रायच्या नियमानुसार टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं. त्यामुळे 'लॉन' आणि 'हॉल' अशी दोन्ही टेम्प्लेट्स काही दिवस आधीच नोंदवा.

आणि लॉनच ठरलं, पण पाचला ढग दाटून आले तर? आता सामान हलवायला वेळ नाही. उरतं फक्त उशिरा सुरू करणं किंवा रद्द करणं. नाऊकास्ट कामाचा असतो तो इथे. सोबत आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप बघा, आसपास वीज पडण्याची शक्यता ते सांगतं. वीज जवळ असेल तर मांडवाचा आसरा चालत नाही, लोकांना पक्क्या इमारतीतच न्यावं लागतं.