दुपारी दोनचे बेचाळीस शब्द

कारखान्यातल्या ट्रेनिंग हॉलमध्ये दुपारी दोन वाजता माणसं कशी बसलेली असतात, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला वर्णन करून सांगावं लागत नाही. मागच्या दोन रांगा आधी भरतात. कॅन्टीनमध्ये भात जरा जास्तच झालेला असतो. प्रोजेक्टरसाठी पुढचे दिवे मालवलेले, एसी चालू आणि खिडक्या बंद. अशा वेळी बोलणारा माइकवर टिचकी मारून म्हणतो, “आवाज येतोय का? जेवण झालं ना सगळ्यांचं? आता झोप येणार, पण थोडं सहकार्य करा.” जो अजून पुरता पेंगुळलेला नव्हता, त्यालाही या वाक्याने परवानगी मिळते.

ही झोप जेवणाचीच असते, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. माणसाच्या शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळात दुपारी एक ते चारच्या सुमारास सावधपणा जरा खाली येतो, आणि जेवण टाळलं तरी तो येतोच. भरपेट जेवणाने, आदल्या रात्रीच्या अपुऱ्या झोपेने आणि मंद उजेडाने तो उतार आणखी खोल होतो. बंद खोलीत पन्नास माणसं बसली की हवेतला कार्बन डायऑक्साइडही वाढत जातो. भिंतीवरचा नेहमीचा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो. म्हणून वक्त्याचं पहिलं काम वक्तृत्वाचं नाही. जेवणाच्या सुट्टीत खिडक्या उघडायच्या, दिवे लावायचे आणि पहिली स्लाइड दाखवायचीच नाही. सुरुवातीच्या तीस सेकंदांना पडदा लागतच नाही.

एवढं झालं की तीस सेकंदांत काय बोलायचं ते लिहायला बसायचं. लिहायलाच बसायचं, कारण आयत्या वेळी सुचतं ते “आवाज येतोय का” हेच.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या रसायन कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला सुपरवायझर आणि ठेकेदाराच्या कामगारांना कन्फाइन्ड स्पेसबद्दल, म्हणजे टाक्या, मॅनहोल, भूमिगत खड्डे अशा कोंडलेल्या जागांत उतरण्याबद्दल दीड तास शिकवायचंय. ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी साफ करायची वेळ जवळ आली आहे. तिच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो, खोलगट जागी साचतो आणि जास्त प्रमाणात असला तर काही श्वासांत माणूस कोसळतो.

त्याचा पहिला मसुदा बहुधा असा येईल : “नमस्कार. आज आपण कन्फाइन्ड स्पेसमधील प्रवेश, त्यातील धोके आणि सुरक्षिततेचे उपाय या विषयावर चर्चा करणार आहोत.” यात चुकीचं काही नाही. पण समोरच्या फिटरला हे सगळं आधीच कळलेलं आहे, कारण हॉलच्या दारावर हाच विषय चिकटवलेला आहे. मेंदूला नवं काही मिळालं नाही, की तो उताराला लागतो.

मग दुसरा मसुदा येतो, भीतीचा. टाकीत एक जण कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला, मग तिसरा. अशा घटना खरोखर घडतात आणि मरणाऱ्यांत वाचवायला उतरलेल्यांची संख्या मोठी असते. ही गोष्ट दीड तासात कुठेतरी सांगायलाच हवी. पण पहिल्याच वाक्याला ती सांगितली तर ऐकणारा मनातल्या मनात लगेच बाजूला होतो : ते दुसऱ्या कंपनीतले होते, त्यांच्याकडे परमिट नव्हतं, आपल्याकडे असं होत नाही. दुसऱ्याच्या मृत्यूची बातमी ऐकून माणूस हळहळतो. स्वतःच्या उद्याच्या कामाशी ती जोडायला त्याला वेळ लागतो, आणि दुपारी दोन वाजता तेवढी तसदी कोणी घेत नाही.

तिसरा मसुदा प्रश्नाचा. “हायड्रोजन सल्फाइडचे गुणधर्म कोण सांगेल?” यावर शांतता पसरते. सुपरवायझरसमोर चुकीचं उत्तर द्यायची कामगाराची तयारी नसते आणि कामगारांसमोर चुकायची सुपरवायझरची नसते. पहिल्या दहा सेकंदांत अशी शांतता झाली की ती मोडायला पुढची दहा मिनिटं जातात. टाळ्या वाजवायला लावणं, सगळ्यांना उभं करून हात ताणायला लावणं, शिट्टी फुंकणं हे प्रकारही याच रांगेतले. त्याने माणूस जागा होतो हे खरं, पण कशासाठी जागा झालो ते त्याला कळत नाही. खाली बसला की पुन्हा डोळे मिटतात.

इथे मानसशास्त्रातली एक जुनी कल्पना कामी येते. जॉर्ज लोएनस्टाइन या अभ्यासकाने 1994 मध्ये कुतूहलाचं असं स्पष्टीकरण मांडलं : आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावंसं वाटतं, त्यातली फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो, आणि ती बुजवायला धडपडतो. यात मेख अशी की अजिबात माहिती नसलेल्या विषयात फट दिसतच नाही. आधी थोडं ठाऊक असावं लागतं आणि मग त्यालाच धक्का बसावा लागतो.

म्हणून सेफ्टी ऑफिसरने स्वतःला विचारायचा प्रश्न हा : या माणसांना टाकीबद्दल खात्रीने काय माहीत आहे आणि त्यातलं काय चुकीचं आहे? उत्तर सापडायला फार लांब जावं लागत नाही. या कामातल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की सडक्या अंड्याचा वास आला की गॅस आहे. हे बरोबरच आहे, कारण अगदी थोडा वायू असला तरी नाकाला तो कळतो. त्यावरून तो पुढचं अनुमान काढतो : वास गेला की गॅस गेला. हे मात्र जीवघेणं आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभराच्या आसपास भाग झाले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वायू तसाच असतो किंवा वाढलेलाही असतो, पण वास येत नाही.

फट सापडली. आता शब्द मोजायचे. भरल्या हॉलमध्ये सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते एकशेदहा शब्द होतात. तीस सेकंदांत पन्नासेक. त्यातले काही सेकंद थांबण्यासाठी राखून ठेवले की चाळीस-पंचेचाळीस शब्द हाती उरतात. मसुदा असा होतो :

“ईटीपीच्या टाकीचं झाकण उघडलंय. सडक्या अंड्यासारखा वास येतोय. तुम्ही दोन मिनिटं थांबता. वास गेला. आत उतराल? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा. आता नाही म्हणणारे. गॅस गेला की वास जातो. पण गॅस वाढला तरी वास जातो. मग आत काय आहे, ते कशावरून ओळखाल?”

हे बेचाळीस शब्द आहेत. नमस्कार नाही, नाव नाही, विषयाचं शीर्षक नाही. ते सगळं एकतिसाव्या सेकंदाला येऊ शकतं आणि तेव्हा ते ऐकलंही जातं. पहिलं वाक्य उच्चारण्याआधी दोनेक सेकंद नुसतं उभं राहायचं. बडबड चालू असलेल्या खोलीत ही शांतता माइकपेक्षा जास्त ऐकू जाते. वाक्यं मुद्दाम तुटक आहेत, कारण पेंगुळलेल्या माणसाच्या हातून लांब वाक्याचं कर्तापद मध्येच निसटतं. टाकी नेमकी ईटीपीचीच आहे, “एखादी बंदिस्त जागा” नाही. ती त्याने पाहिलेली आहे, तिची शिडी कुठे गंजली आहे हेही त्याला माहीत आहे.

हात वर करायला लावताना दोन्ही बाजूंना विचारायचं, हे विसरू नये. नुसतं “कोण उतरेल?” म्हटलं की निम्मे लोक हात खालीच ठेवून सुटतात. होय आणि नाही दोन्हींची नावं घेतली की प्रत्येकाला एक बाजू निवडावी लागते. निवडून झालं की आपण बरोबर होतो का, हे त्याला कळायला हवंच असतं. उत्तर ऐकण्याआधी अंदाज बांधला, तो चुकला तरी, नंतरचं बरोबर उत्तर अधिक लक्षात राहतं, असं शिकण्यावरच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. हात वर केल्यावर मात्र कोणाची फजिती करायची नाही. उजव्या कोपऱ्यातल्या एखाद्याला “बघा, हा मेला!” म्हणून हसणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. त्यानंतर दीड तासात त्या हॉलमध्ये एकही हात वर होत नाही.

शेवटचा प्रश्न मुद्दाम उघडा सोडलेला आहे. नाकावर भरवसा नाही एवढं सांगून टाकलं, पण मग कशावर ठेवायचा ते सांगितलेलं नाही. ही उधारी फार वेळ ठेवू नये. दहा-बारा मिनिटांत गॅस डिटेक्टर हातात घेऊन उत्तर द्यावं : झाकणातून नळी सोडून वरची, मधली आणि तळाची हवा तपासायची, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांपेक्षा कमी नाही ना, विषारी आणि पेट घेणारा वायू नाही ना हे पाहायचं, आणि माणूस आत असेपर्यंत तपासत राहायचं. डिटेक्टर ओळींतून फिरू द्यावा. सुरुवातीने मिळवलेलं लक्ष काही मिनिटंच टिकतं. त्यापुढे हाताला काम दिलं नाही तर सगळे पुन्हा खुर्चीत घसरतात.

सुरुवात लागली की नाही, हे कळायला टाळ्या लागत नाहीत. तिसाव्या सेकंदाला मागच्या रांगेकडे पाहावं. शेजारच्याशी कुजबुज सुरू झाली असेल, “अरे, पण वास गेला तर…” असं काही कानावर येत असेल, तर काम झालं. सगळे पूर्ण गप्प आणि नजर तुमच्यावर असली तरी फसू नये; डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला मीटिंगांना सरावलेल्या माणसांना चांगली जमते. हात वर करताना किती जणांनी शेजाऱ्याकडे पाहून केला, हेही ध्यानात ठेवावं. बहुतेकांनी तसं केलं असेल तर प्रश्न त्यांच्या कामाशी जुळलेला नाही, पुढच्या तुकडीसाठी तो बदलायला हवा.

मसुदा कागदावर पक्का झाला तरी घड्याळ लावून मोठ्याने म्हणून पाहावा. मनात वाचताना वीस सेकंदांत संपणारा मजकूर तोंडाने पस्तीस घेतो. जास्त झाला तर विशेषणं काढावीत, थांबे काढू नयेत.

आणि प्रशिक्षणाचं वेळापत्रक ज्यांच्या हातात आहे त्यांना एक विनंती. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला दुपारी दोनच्या सत्राला बसवू नका. त्याला झोपेची गरज आहे, आणि ती कोणत्याही तीस सेकंदांनी भागत नाही. त्याची बॅच वेगळ्या दिवशी, झोप झाल्यावर घ्या.