'फक्त 15,999' चा फोन खरंच कितीला पडतो?

समजा, नव्या फोनची किंमत 24,999 रुपये आहे आणि जाहिरातीत 'फक्त 15,999' लिहिलंय. जुन्या फोनचे 4,000, एक्स्चेंज बोनस 3,000 आणि बँकेचा कॅशबॅक 2,000 असे 9,000 त्यात वजा केलेले असतात.

पण जुना हँडसेट आपलाच आहे, ती सवलत नव्हे. बाजारातला मोबाईलवाला त्याचे रोख 5,500 देत असेल, तर नवा फोन आपल्याला 15,999 अधिक 5,500, म्हणजे 21,499 ला पडला. खरी बचत 3,500 चीच.

मग एक्स्चेंज करावं का? त्यात बोनस धरून 7,000 मिळतात, बाजारात 5,500. म्हणजे एक्स्चेंजमध्ये 1,500 चा फायदा. मात्र फोन न्यायला आलेल्या माणसाने स्क्रीनवरचा चरा दाखवून 4,000 चे 2,000 केले, तर बाजारच बरा.

कॅशबॅक अनेकदा नंतर जमा होतो, म्हणून आधी 17,999 भरायची तयारी हवी. तो फक्त क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर असेल, तर व्याज आणि प्रोसेसिंग फी किती ते आधी विचारावं. व्याज द्यायचंच नसेल, तर ते 2,000 आपण हिशेबात धरूच नयेत.