अक्षरांच्या बेरजेतून शब्द

आज कागद-पेन जवळ घेऊन बसा. मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक कोडं आलं आणि त्यावरून चांगलाच वाद झाला. तो वाद कसा मिटला, हे आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

फळ्यावर तीन शब्द लिहिले होते: खप, गंगा, गड. खाली एवढंच लिहिलं होतं की प्रत्येक शब्दातून एक अक्षर काढा आणि तीन अक्षरांचा एक शब्द बनवा.

या कोड्यात प्रत्येक व्यंजनाला वर्णमालेतल्या जागेप्रमाणे नंबर असतो. क म्हणजे 1, ख म्हणजे 2, ग म्हणजे 3. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार मोजायचे नाहीत. शब्दातल्या अक्षरांचे नंबर मिळवायचे. जी बेरीज येईल, त्या नंबरचं अक्षर हे आपलं उत्तर.

म्हणून आधी तक्ता लिहून घ्या. एका ओळीत पाच अक्षरं लिहिली की चूक होत नाही. पहिली ओळ क ख ग घ ङ, ती 5 वर संपते. दुसरी च छ ज झ ञ, ती 10 वर. तिसरी ट ठ ड ढ ण, 15 वर. चौथी त थ द ध न, 20 वर. पाचवी प फ ब भ म, 25 वर. पुढे य 26, र 27, ल 28, व 29, श 30, ष 31, स 32, ह 33 आणि ळ 34.

आता सोडवू या. खप: ख 2 आणि प 21, बेरीज 23. तेविसावं अक्षर ब. गंगा: ग 3 आणि पुन्हा ग 3, बेरीज 6. सहावं अक्षर च. गड: ग 3 आणि ड 13, बेरीज 16. सोळावं अक्षर त. शब्द झाला 'बचत'.

पण आमच्यातल्या एका काकूंचं उत्तर आलं 'बछत'. दोघी-तिघी हसल्या. काकूंनी कागद घडी करून ठेवून दिला, पुढे त्या बोलल्याच नाहीत. आम्ही तो कागद मागून घेतला आणि बेरजा तपासल्या, तर एकही बेरीज चुकलेली नव्हती! काकूंनी फक्त ङ आणि ञ सोडून मोजलं होतं. लहानपणी शाळेत ही दोन अक्षरं कुणी म्हणून घेतलीच नव्हती.

गंमत बघा. तसं मोजलं तर प होतो 19. खप म्हणजे 21, आणि त्यांच्या तक्त्यात एकविसावं अक्षर बच. गडची बेरीज 14, आणि चौदावं अक्षर तच. फरक पडला तो गंगामध्ये. बेरीज 6 च राहिली, पण ङ नसल्यामुळे च पाचवा झाला आणि सहाव्या जागी छ आला. म्हणून उत्तर जवळपास बरोबर आलं आणि एकच अक्षर खटकलं, तर आधी तक्ता तपासा. एक ओळ 5, 10, 15, 20, 25 वर संपत नसेल तर कुठलं तरी अक्षर सुटलेलं आहे.

ङ आणि ञ ची जागा जुनी आहे. आर्यभटांनी इ.स. 499 च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात क ते म या अक्षरांना 1 ते 25 अशाच किमती दिल्या आहेत. त्यात ङ 5 आणि ञ 10 आहे. य ला मात्र त्यांनी 26 नव्हे, 30 किंमत दिली. म्हणजे नंबर कसे द्यायचे हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी चूक अनुस्वाराची. गंगातला अनुस्वार ङ धरून मोजला तर 3, 5 आणि 3 मिळून 11 होतात आणि ट येतो. 'बटत' असा शब्द नाही, त्यावरून चूक लगेच कळते.

आणि एक लक्षात ठेवा. शब्दावरून बेरीज काढता येते, पण बेरजेवरून शब्द सांगता येत नाही. खप 23, जण 23 आणि गान सुद्धा 23. रेखा म्हणजे 29 आणि कला म्हणजेही 29. म्हणून नावाच्या अक्षरांची बेरीज करून कुणी तुमचा स्वभाव किंवा नशीब सांगू लागला, तर त्याला विचारा, रेखाताई आणि कलाताई एकसारख्या कशा?

त्या बैठकीत आम्ही काकूंचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. पुढचं कोडं त्यांनीच घातलं आहे: कला, चाख, घात. खूण अशी की रेशन घेताना आपण काट्यावर हेच नीट बघून घेतो. तक्ता मांडा आणि सोडवा.